घाण्याचे तेल किती खपेल?

प्रकल्प अहवालात यंत्राचे दरपत्रक असते, जागेचा करारनामा असतो, पाच वर्षांचा नफा-तोटाही मांडलेला असतो. या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी ‘बाजारपेठेचा अभ्यास’ नावाचे एक पान असते. त्यावर बहुतेक वेळा चार वाक्ये सापडतात: उत्पादनाला भरपूर मागणी आहे, परिसरात स्पर्धा कमी आहे, लोक आरोग्याबाबत जागरूक झाले आहेत, त्यामुळे माल सहज विकला जाईल. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ मध्ये आला आणि सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान देणारी केंद्राची योजना २०२० मध्ये. या योजनांसाठी तयार होणाऱ्या अहवालांत ही चार वाक्ये मसाला उद्योगालाही चालतात आणि तेलघाण्यालाही. उरलेल्या पानांवरचे सगळे आकडे मात्र याच पानावर उभे असतात. महिन्याला किती माल खपेल हे चुकले, तर नफा-तोट्याचा तक्ता कितीही नीट जुळवला तरी तो निरुपयोगी ठरतो.

हे पान खरोखर कसे लिहायचे, ते लाकडी घाण्याच्या उदाहरणातून पाहता येईल. समजा, एका तालुक्याच्या गावात १२,००० घरे आहेत आणि एका जोडप्याला तिथे शेंगदाणा तेलाचा घाणा टाकायचा आहे. गाव आणि त्यातले आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण हिशेबाची रीत कोणत्याही गावाला लागू पडते.

पहिला प्रश्न असतो गावात एकूण तेल किती लागते हा, आणि पहिली घसरणही इथेच होते. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशात खाद्यतेलाचा वापर माणशी वर्षाला १९.७ किलो आहे. हा आकडा घेऊन साडेचार माणसांच्या घराचा हिशेब केला, तर महिन्याला सुमारे साडेसात किलो तेल येते. पण त्यात हॉटेले, फरसाणवाले, बिस्किटांचे कारखाने यांचेही तेल धरलेले आहे. घरात प्रत्यक्ष किती तेल येते ते सांगणारी आकडेवारी वेगळी असते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत शहरी भागातला घरगुती वापर माणशी महिन्याला सुमारे ८५० ग्रॅम निघाला होता. त्या हिशेबाने घराला चार किलोच्या आतबाहेर तेल लागते. दोन्ही आकडे खरे असले तरी घरगुती ग्राहकाला बाटली विकणाऱ्याच्या कामाचा दुसराच. पहिला वापरला की बाजार जवळजवळ दुप्पट दिसतो.

घरटी चार किलो धरले तर आपल्या गावाला महिन्याला ४८,००० किलो तेल लागते. इथे प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्यांची एक ठरलेली उडी असते: ‘यातला फक्त १० टक्के बाजार आम्ही घेऊ.’ दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण म्हणजे ४,८०० किलो. एका घाण्यात एका वेळी १५ ते २० किलो दाणे पडतात आणि एक घाणा निघायला पाऊण ते एक तास लागतो. आठ तासांत साधारण ५५ किलो, महिन्याच्या २५ दिवसांत १,४०० किलोच्या आसपास तेल निघते. ‘फक्त’ दहा टक्क्यांसाठी तीनहून अधिक घाणे अखंड चालावे लागतील. शिवाय हे दहा टक्के आले कुठून, याचे उत्तर कोणाकडेच नसते. एकूण बाजारातून टक्का काढण्याची ही पद्धत सोडून द्यावी आणि घरोघरी जाऊन खालून वर मोजत यावे.

मग घरे किती विचारायची? इथे एक गोष्ट अनेकांना पटत नाही: नमुन्यात किती घरे हवीत हे गावाच्या आकारावर फारसे अवलंबून नसते. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेले लहान की मोठे याने फरक पडत नाही, शित मात्र एकाच कोपऱ्यातले नको. ढोबळ नियम असा की १०० घरे विचारली, तर मिळालेला टक्का खऱ्या टक्क्याच्या जास्तीत जास्त दहा अंक इकडे किंवा तिकडे असतो. शंभरातल्या ९५ वेळा तरी ही खात्री देता येते. ही चूक पाच अंकांवर आणायची तर सुमारे ४०० घरे लागतात, कारण चूक निम्मी करायला नमुना चौपट करावा लागतो. संशोधनाच्या पुस्तकांत वारंवार भेटणारा ३८४ हा आकडा याच हिशेबातून येतो. एका घाण्यासाठी ४०० घरे फिरणे दोन माणसांना जड जाते. शंभर घरे नीट निवडली, तर निर्णय घेण्यापुरते उत्तर मिळते.

‘नीट निवडली’ या दोन शब्दांत मोठे काम दडलेले आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि त्यांच्या आधारे साप्ताहिकाने लँडन जिंकणार असे सांगितले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली होती. मंदीच्या काळात ज्यांच्या घरी फोन आणि मोटार होती, त्यांची मते सगळ्या देशाची नव्हती. शिवाय ज्यांनी पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेतली ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला.

नातेवाईक, मित्र आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात फिरवलेली प्रश्नावली हा आजचा मोटारमालकांच्या यादीचा अवतार आहे. घाणा टाकणाऱ्याच्या ओळखीचे लोक त्याचे मन मोडत नाहीत, आणि गटात उत्तर देणारे आधीच शुद्ध तेलाच्या विषयात रस असलेले असतात. त्याऐवजी नगरपरिषदेच्या प्रभागांची यादी घ्यावी आणि प्रत्येक प्रभागातली घरे किती आहेत त्या प्रमाणात शंभर घरे वाटून द्यावीत. मग प्रत्येक प्रभागात एका ठिकाणाहून सुरुवात करून ठरावीक अंतराने घर घ्यावे. १२,००० घरांतून शंभर म्हणजे दर १२० वे घर. यात झोपडपट्टीही येईल, जुना गावठाणही येईल आणि नवी कॉलनीही.

निवडलेल्या शंभरांपैकी काही घरांना कुलूप असणार. शेजारचे घर उघडे आहे म्हणून तिथे विचारून पुढे जाण्याचा मोह होतो, आणि सर्वेक्षण बहुधा इथेच बिघडते. दुपारी कुलूप असलेले घर म्हणजे पुष्कळदा दोघेही नोकरीवर असलेले घर. महाग तेल घेण्याची ऐपत अशाच घरांत अधिक असते. तिथे संध्याकाळी, नाहीतर रविवारी पुन्हा जावे. तीन वेळा जाऊनही कोणी भेटले नाही, तरच ते घर सोडावे आणि किती घरे अशी सुटली ते अहवालात लिहावे.

आता प्रश्न. ‘लाकडी घाण्याचे शुद्ध तेल मिळाले तर घ्याल का?’ या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस क्वचितच भेटेल. हो म्हणायला काही पडत नाही आणि दारात आलेल्या माणसाला नाराज करणे आपल्याकडे बरे दिसत नाही. म्हणून पुढचे विचारण्याआधी मागचे विचारावे. गेल्या महिन्यात कोणते तेल आणले, कुठून, किती आणि काय भावाने? शक्य असेल तर स्वयंपाकघरातली पिशवी किंवा डबा दाखवायला सांगावा. आठवणीतले आकडे गोल होतात, पिशवीवरचे नाहीत. किलो आणि लिटर यांची गल्लतही तिथेच सुटते, कारण एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. काही घरांचे उत्तर लिटरमध्ये आणि काहींचे किलोमध्ये घेऊन बेरीज केली की नऊ टक्क्यांपर्यंतचा फरक नकळत आत शिरतो. हे विचारण्यासाठी महिनाही विचार करून निवडावा. दिवाळीच्या फराळाचा किंवा लोणच्याच्या मोसमाचा महिना घेतला, तर वर्षभराचा वापर फुगलेला दिसतो.

आपल्या गावात समजा असे निघाले: शंभरांपैकी सात घरे आजच घाण्याचे तेल घेतात. ती घरे महिन्याचे चारही किलो तेल घाण्याचे आणत नाहीत. फोडणी, चटणी, भाजी यांपुरते दीड किलो घाण्याचे आणि तळणासाठी सूर्यफूल किंवा सोयाबीनची पिशवी, अशी त्यांची विभागणी असते. हा दीड किलोचा आकडा फार मोलाचा आहे. ‘एक ग्राहक म्हणजे एका घराचे सगळे तेल’ असे गृहीत धरल्याने कितीतरी अहवाल अडीचपटीने फुगतात.

ग्राहक कोण, याचेही उत्तर या सात घरांतून डोकावू लागते: घरात हृदयविकाराचा किंवा मधुमेहाचा रुग्ण, नियमित पगार, किंवा जुन्या चवीची सवय असलेली वडीलधारी मंडळी. सात घरांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाहीत, पण आणखी कोणाला भेटायचे ते कळते. शिवाय एक ग्राहक या यादीत दिसतच नाही, तो म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतला शेतकरी. तो स्वतःच्या शेंगांचे दाणे घेऊन येतो, गाळपाची मजुरी देतो आणि तेल घेऊन जातो. तो बाटली विकत घेणार नाही, पण खरिपाची आणि उन्हाळी भुईमुगाची काढणी झाल्यावर घाणा त्याच्यामुळे चालू राहतो. त्याची नोंद वेगळ्या ओळीत हवी, तेलविक्रीत मिसळलेली नको.

स्पर्धकांच्या बाबतीत अहवाल बहुधा फक्त दुसरे घाणे मोजतात. शेंगदाण्याचे घाण्याचे तेल समजा ३२० रुपये किलो असेल, तर सोयाबीनची पिशवी जवळजवळ निम्म्या किमतीत शेजारच्या किराणा दुकानात मिळते. तीही खात्यावर, महिन्याच्या शेवटी पैसे देण्याच्या बोलीवर. रोखीने विकणाऱ्या नव्या घाण्याची खरी स्पर्धा त्या खातेवहीशी आहे. त्यामुळे गावातल्या दहा किराणा दुकानांत जाऊन उधारीवर किती माल जातो, घाण्याच्या बाटल्या ठेवायला दुकानदार किती कमिशन मागतात हे विचारणे स्पर्धेच्या अभ्यासाचाच भाग आहे.

दुसरे घाणे मोजायचे ते मात्र नेमके मोजावेत. कोणताही घाणेवाला आपली विक्री सांगणार नाही, पण पेंड सांगते. घाण्यात शंभर किलो दाण्यांतून साधारण ४० किलो तेल आणि ६० किलोच्या आसपास पेंड निघते, म्हणजे पेंडीच्या दोनतृतीयांश तेल. पेंड विकत घेणारा व्यापारी किंवा दूधवाला सहज सांगतो, की अमक्या घाण्यावरून आठवड्याला तीन क्विंटल पेंड उचलतो. त्यावरून तिथे आठवड्याला दोन क्विंटल, महिन्याला सुमारे ८५० किलो तेल निघते हे कळते. मजुरीवर गाळून घेणारे शेतकरी बहुतेक करून पेंड जनावरांसाठी घरी नेतात, त्यामुळे विकली गेलेली पेंड मुख्यतः विकल्या गेलेल्या तेलाचीच असते. समजा गावातल्या दुसऱ्या घाण्याचे याच रीतीने ३५० किलो निघाले. दोघांचे मिळून १,२०० किलो.

आता हा आकडा घरांच्या सर्वेक्षणाशी ताडून पाहावा. घरटी दीड किलोने १,२०० किलो म्हणजे ८०० घरे. १२,००० घरांत ८०० म्हणजे शंभरात जवळपास सात. सर्वेक्षणातही सातच घरे निघाली होती. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन वाटांनी उत्तर जवळ आले, की त्यावर विसंबता येते. समजा सर्वेक्षणात वीस घरे निघाली असती, तर तीन शक्यता होत्या: नमुना कॉलन्यांकडे झुकला आहे, लोकांनी प्रतिष्ठेपोटी हो म्हटले आहे, किंवा बाहेरगावचे तेल मोठ्या प्रमाणावर येते आहे. अशा वेळी पुढे न जाता पुन्हा तपासायला हवे. बँकेच्या अधिकाऱ्यालाही बाजाराच्या पानावर ही ताडणी दिसली, तर अहवाल लिहिणारा स्वतः फिरला आहे हे लगेच समजते.

उरलेल्या ९३ घरांचे काय? तिथे एक छोटी परीक्षा घेता येते. समजा, ‘घाण्याचे तेल आवडेल’ असे ४१ घरे म्हणाली. ३२० रुपये भाव सांगितल्यावर १९ उरली. मग परवानाधारक घाण्याकडून घेतलेली सीलबंद किलोची बाटली पुढे ठेवून ‘आत्ताच हवी का’ असे विचारले, तेव्हा नऊ घरांनी पैसे काढून दिले. ४१ ते नऊ हा उतार पाहून उमेदवाराला वाईट वाटेल, पण धंदा नऊवर चालतो, ४१ वर नाही.

नऊवरसुद्धा तो पूर्ण चालत नाही. केलॉग्जने १९९४ मध्ये मुंबईपासून भारतात कॉर्नफ्लेक्स आणले, तेव्हा कुतूहलापोटी पहिली पाकिटे घेणारे भेटले, पण पुन्हा पुन्हा घेणारे अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले. सकाळी गरम दूध घेण्याची आणि गरम नाश्त्याची सवय इथे होती, आणि गरम दुधात ते पोहे लगेच मऊ पडत. पहिली खरेदी आणि सवयीची खरेदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून महिन्याभराने त्या नऊ घरी पुन्हा जावे. समजा चार घरांनी दुसरी बाटली मागितली. बाकीच्या पाच घरांत कोणाला वास उग्र वाटला, कोणाचे तेल तळताना फेसाळले, कोणाला भाव झेपला नाही. ही कारणेही जशीच्या तशी लिहून ठेवावीत.

मागणीचा अंदाज आता बांधता येतो. चार घरे नवी, आणि आज दुसऱ्या घाण्यांकडून घेणाऱ्या सातांपैकी दोन घरे जवळच्या अंतरामुळे इकडे येतील असे धरले, तर शंभरात सहा. १२,००० घरांत ७२० घरे, दीड किलोप्रमाणे महिन्याला १,०८० किलो. पण हा अंदाज शंभर घरांवरून आलेला आहे. नमुन्यात सहा निघाले, तर गावातला खरा आकडा शंभरात तीनपासून बारापर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे महिन्याला ५४० किलो ते २,१६० किलो. हा पल्ला रुंद आहे आणि तो अहवालात लपवू नये. एकच आकडा दशांशासह छापला की तो पक्का वाटतो, पण असतो तेवढाच कच्चा.

या रुंद पल्ल्यातूनही निर्णय निघतो. एक किलो तेलाला अडीच किलो दाणे लागतात. दाणे १२० रुपये किलो धरले तर ३०० रुपये झाले. त्यातून दीड किलो पेंडीचे सुमारे ६७ रुपये परत येतात. बाटली, लेबल आणि वीज यांना २० रुपये लागले, तर ३२० च्या भावात किलोमागे ६७ रुपये उरतात. कर आणि दुकानदाराचे कमिशन सोपेपणासाठी बाजूला ठेवले आहे. भाडे, मजूर, किरकोळ खर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ३८,००० रुपये असतील, तर ५६७ किलो विकल्यावर तो भागतो. जोडप्याने स्वतःच्या कामाचे १५,००० रुपये धरले, तर ७९० किलो लागतात. मधला अंदाज १,०८० किलोचा आहे, म्हणजे धंदा चालतो. सगळ्यात खालच्या अंदाजात, ५४० किलोवर, खर्चही पुरता भागत नाही आणि स्वतःची मजुरी मिळत नाही. दाण्याचा भाव किलोला १० रुपयांनी वाढला आणि तेलाचा भाव वाढवता आला नाही, तर किलोमागचे ६७ रुपये ४२ वर येतात. मग नुसता खर्च भागायलाच ९०० किलोंहून अधिक विक्री हवी.

यावरून निकाल स्पष्ट आहे. या गावात एक घाणा टाकावा, दोन नकोत. दोन घाण्यांचे कर्ज १० टक्क्यांच्या कल्पनेवर मिळेलही, पण दुसऱ्या यंत्राचा हप्ता पहिल्या महिन्यापासून चालू होईल आणि त्याला लागणारे ग्राहक शंभर घरांत दिसलेले नाहीत. जागा मात्र दुसरा घाणा मावेल अशी बघावी आणि दाण्याची खरेदी काढणीच्या मोसमात, भाव उतरलेले असताना करता यावी म्हणून खेळत्या भांडवलाची मागणी थोडी वाढवून ठेवावी.

प्रकल्प अहवालाच्या त्या पानावर खालचा आकडा आधी लिहावा, मग मधला, आणि नफा-तोट्याचा तक्ता मधल्यावर मांडून खालच्यावर तपासून दाखवावा. भेट दिलेल्या घरांची प्रभागवार संख्या, बंद राहिलेली घरे, विचारलेले प्रश्न आणि सर्वेक्षणाच्या तारखा अहवालाला जोडाव्यात. शंभर घरांना दोन फेऱ्या मारायला दोन माणसांना दीड महिना पुरतो. यंत्राची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी तो दीड महिना जरूर काढावा.